कोणाचा तू, कुठल्या गावचा?

पालकहो, पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की आपलं बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं. पोरं किती वेळ बघतात, रात्री किती वाजेपर्यंत जागतात, मोबाइल काढून घेतला की जेवत कशी नाहीत. आज मी तासांबद्दल बोलणार नाही. मोबाइलच्या एका कोपऱ्यात अनोळखी माणसं तुमच्या मुलांसाठी निरोप टाकून जातात. तो कोपरा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही, आणि त्यातला कुठला निरोप घ्यायचा, कुठला सोडायचा, हे आपण मुलांना कधी शिकवलेलंही नाही. आज तेवढंच बोलू.

इन्स्टाग्रामपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडची आठवी-नववीची मुलं तिथेच असतात. त्यात निरोपांची यादी उघडली की वरच्या बाजूला 'रिक्वेस्ट' असा शब्द दिसतो. तुमचं मूल ज्याला फॉलो करत नाही अशा कुणी निरोप पाठवला, तर तो मुख्य यादीत न येता या रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो. तिथे तो उघडून वाचला तरी वाचल्याचं पाठवणाऱ्याला कळत नाही. खाली तीन पर्याय असतात: ब्लॉक, डिलीट आणि ॲक्सेप्ट. 2023 पासून इन्स्टाग्रामने आणखी एक बंधन घातलं आहे. जो तुम्हाला फॉलो करत नाही त्याला तुम्ही एकच निरोप पाठवू शकता, आणि तोही फक्त अक्षरी. फोटो नाही, व्हिडिओ नाही, आवाजही नाही. समोरच्याने ॲक्सेप्ट केलं की मगच पुढचं सगळं सुरू होतं. म्हणजे फोटो येऊ शकतात, कॉल येऊ शकतो, मूल केव्हा ऑनलाइन आहे आणि निरोप वाचला की नाही हेही दिसू लागतं.

म्हणून वाचायला हरकत नाही. धोका आहे तो ॲक्सेप्टच्या एका बोटात. मुलांना नेमकं हेच ठाऊक नसतं. त्यांना वाटतं वाचलं की समोरच्याला कळलंच, मग उत्तर न देणं बरं दिसत नाही. अनोळखी माणसाला उत्तर का दिलंस असं विचारलं की मुली बहुतेक वेळा सांगतात, "बाई, त्यांनी इतकं चांगलं लिहिलं होतं, गप्प बसले असते तर भाव खाल्ल्यासारखं झालं असतं." यात हावरेपणा नाही, भानगडीची हौसही नाही. आपणच शिकवलेला सभ्यपणा आहे हा. वाटेत कुणी विचारलं तर उत्तर द्यावं, मोठ्या माणसाला ओ द्यावी, असं आपणच तर सांगत आलो. मग घरात एकदा स्पष्ट सांगायला हवं की अनोळखी निरोपाला उत्तर न देण्यात उद्धटपणा नाही. निरोप तिथेच पडून राहिला तर कुणाचा अपमान होत नाही. तो डिलीट केला तरी समोरच्याला तसं कळवलं जात नाही.

आता ठरवायचं कसं? त्याची रीत आपल्या गावाला चांगली माहीत आहे. टोकावड्याच्या स्टँडवर माळशेजकडे जाणाऱ्या गाडीतून कुणी अनोळखी माणूस उतरला आणि इकडेतिकडे बघत उभा राहिला, तर टपरीवरचं कुणी ना कुणी विचारतंच: कोणाचा तू, कुठल्या गावचा, कोणाकडे आलास? तो म्हणतो, अमक्याचा पाहुणा. आपण तेवढ्यावर सोडत नाही. अमक्याच्या घरी फोन लागतो, नाहीतर त्याच्या वाडीतलं पोर समोरून जात असतं त्याला हाक मारतात. प्रश्नाला उत्तर काय, कुणीही देईल. खरी ताकद आहे ती दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेण्यात. मोबाइलवर आपण पहिली पायरी चढतो आणि दुसरी विसरतो. मूल विचारतं, "तू कोण?" समोरून उत्तर येतं, "मी तुझ्या मैत्रिणीच्या मामाची मुलगी." झालं, ओळख पटली!

एक प्रसंग सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतल्या एका मुलीला रिक्वेस्ट आली. नाव मुलीचं, फोटो मुलीचा. निरोप असा: "हाय, मी तुझ्याच शाळेत होते, दहावी होऊन गेले. गॅदरिंगमधला तुझा डान्स खूप मस्त होता. ओळखलंस का?" मुलगी हुशार. तिने ॲक्सेप्ट न करता मैत्रिणीला दाखवलं, मैत्रिणीने मला. आम्ही तिघी बसलो आणि त्या एका निरोपाचा कीस पाडला.

पहिला प्रश्न होता, यात असं काही आहे का जे फक्त ओळखीच्यालाच ठाऊक असेल? डान्सचं कौतुक खरं होतं. पण त्या डान्सचा व्हिडिओ वर्गातल्याच एका मुलाने स्वतःच्या खात्यावर टाकला होता आणि त्याचं खातं सगळ्यांना खुलं होतं. खाली शाळेचं नाव, मुलींची नावं, सगळं काही. मुंबईत बसलेल्या माणसालाही ते दोन मिनिटांत सापडलं असतं. म्हणजे "तिला माझा डान्स माहीत आहे" हा ओळखीचा पुरावा होत नाही. तपशील जितका गोड आणि नेमका, तितकं आधी बघावं की तो आपणच कुठे उघड्यावर टाकला आहे का.

दुसरं, त्या खात्याला आपल्या ओळखीचे आठ जण फॉलो करत होते. मुलीला याचाच सगळ्यात जास्त भरवसा वाटला. मी म्हटलं, आठांपैकी तिघांना आत्ता विचार, ही कोण? तिघांचंही उत्तर एकच: माहीत नाही, बाकीचे फॉलो करत होते म्हणून मीही केलं. पहिल्याने दुसऱ्यावर विश्वास ठेवला, दुसऱ्याने पहिल्यावर. प्रत्यक्ष ओळख कुणाचीच नाही. फसवणारी माणसं एका शाळेची, एका गावची मुलं अशी एकामागोमाग जोडतात. पहिल्या दोघा-तिघांनाच काय ते पटवावं लागतं, पुढचे त्यांच्या नावावर आपोआप येतात.

तिसरं, खात्याच्या पानावर वर तीन ठिपके असतात. ते दाबले की बऱ्याच खात्यांची माहिती निघते: खातं कधी काढलं, कुठल्या देशातलं आहे, आधी नाव बदललं होतं का. हे खातं महिन्याभरापूर्वीचं होतं. सगळे फोटो एकाच दिवशी टाकलेले. नवं खातं म्हणजे खोटंच असं मात्र नाही. मुलं पासवर्ड विसरतात आणि नवं काढतात, हे आपण रोज बघतो. म्हणून यावरून निकाल द्यायचा नाही, फक्त सावध व्हायचं.

निकाल लागला तो चौथ्या पायरीवर, आणि ती मोबाइलच्या बाहेरची होती. फोटोतली मुलगी खरंच आमच्या शाळेची होती. दहावी होऊन गेलेली, आता मुरबाडला शिकणारी. तिच्या घरचा नंबर शाळेत होता. फोन केला तर ती म्हणाली, "बाई, हे खातं माझं नाही. फोटो माझा आहे." फोटो खरा, नाव खरं, शाळा खरी, माणूस मात्र तिसराच. रिक्वेस्ट बघताना आपण चेहरा ओळखीचा आहे का ते बघतो. बघायला हवं ते हे की त्या चेहऱ्याच्या माणसाने आपल्याला दुसऱ्या वाटेने, म्हणजे फोनवर किंवा समोर उभं राहून, "हो, मीच पाठवला" असं सांगितलं आहे का.

मग जिचा फोटो होता तिने त्या खात्याची 'माझं सोंग घेतलं आहे' अशी तक्रार इन्स्टाग्रामकडे केली. आमच्या मुलीने रिपोर्ट आणि ब्लॉक दोन्ही केलं. ब्लॉक केलं की त्या खात्यावरून पुन्हा निरोप येत नाही. नुसतं डिलीट केलं तर पुन्हा येऊ शकतो. आणि समजा खात्री झालीच नसती, ना खरं ना खोटं? तर तो निरोप तिथेच पडू द्यायचा. जिला खरंच बोलायचं असेल ती शाळेत येईल, मैत्रिणीकडून कळवेल. ज्याच्याजवळ दुसरी कुठलीच वाट नाही, त्यालाच ॲक्सेप्टची घाई असते.

रिक्वेस्टचा हा अडसर टाळून आत यायला मात्र एक मागचं दार आहे. समोरचा आधी निरोप पाठवत नाही, फक्त फॉलो करतो. मुलांना फॉलोअर वाढलेले हवेच असतात. त्याने केलं म्हणून मूलही त्याला उलट फॉलो करतं. आणि आपण ज्याला फॉलो करतो त्याचा निरोप रिक्वेस्टमध्ये न थांबता थेट मुख्य यादीत येतो. म्हणजे निर्णय निरोपाच्या वेळी नाही, आठवडाभर आधीच झालेला असतो आणि तो निर्णय होता हे कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. तेव्हा मुलांना विचारायचंच असेल तर "कोणाशी बोलतेस" यापेक्षा "तू ज्यांना फॉलो करतेस त्यांतल्या किती जणांना प्रत्यक्ष पाहिलं आहेस" हे विचारा. संशय न घेता विचारा. यादी बघताना मुलं स्वतःच थबकतात.

आणि जन्मसाल विचारा. हे मी मुद्दाम सांगते आहे. फेब्रुवारी 2025 पासून भारतात इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी, जास्त बंदिस्त खाती आणायला सुरुवात केली. त्यात खातं आपोआप खासगी राहतं आणि ज्यांना मूल फॉलो करतं किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेलं आहे त्यांच्याकडूनच निरोप येतात. सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायची असतील तर पालकांची परवानगी लागते. सोय चांगली आहे. पण ती कशावर चालते? मुलाने खातं काढताना टाकलेल्या जन्मतारखेवर. आपल्या पोरांनी पाचवी-सहावीत खाती काढली, तेव्हा तेराच्या आतल्यांना खातं मिळत नाही म्हणून जन्मसाल मागे ढकललं. कुणी 1998 टाकलं, कुणी 2000. इन्स्टाग्रामच्या लेखी आठवीतलं ते पोर आज पंचविशीचा गडी आहे, आणि त्याच्या खात्याला या बंधनांचा उपयोग नाही. सेटिंगमध्ये जाऊन जन्मतारीख खरी करून घ्या. ओरडू नका, पाचवीत असताना केलेलं काम आहे ते.

आता अवघड भाग. ॲक्सेप्ट करून झालं आहे, बोलणं पुढे गेलं आहे, अशा वेळी कसं ओळखायचं? समोरचा लवकरच दुसरीकडे चल म्हणतो: "इथे नको, व्हॉट्सॲपवर ये", "टेलिग्रामवर ये". इन्स्टाग्रामवरून बाहेर नेलं की तिथली राखण संपते. मग रात्री उशिराची वेळ, "कोणाला सांगू नको", एखादा फोटो मागणं, व्हिडिओ कॉल. मुलगे यात मुलींइतकेच सापडतात, हे नीट लक्षात घ्या. सुंदर मुलीच्या नावाने रिक्वेस्ट येते, व्हिडिओ कॉल होतो, पलीकडे आधीच चित्रित केलेला व्हिडिओ लावलेला असतो आणि इकडच्या मुलाचं चित्रण होतं. पाठोपाठ धमकी: पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअरना पाठवतो. पुढे कधी कधी कुणी पोलीस अधिकारी म्हणूनही फोन करतो आणि प्रकरण मिटवायला पैसे मागतो. तोही त्याच टोळीतला.

अशा वेळी मूल तुमच्याकडे येईल की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. साध्या रिक्वेस्टचं ते तुम्हाला दाखवत होतं तेव्हा तुम्ही काय केलं यावर ते ठरतं. दाखवल्याबरोबर मोबाइल जप्त झाला असेल तर पुढच्या वेळी ते दाखवणार नाही, आणि धमकी देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्याचा सगळा धंदा "बापाला कळलं तर" या एका भीतीवर उभा आहे. बापाला आधीच माहीत असलं की त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. बोलणं पुसून टाकू नका, आधी त्या खात्याचं नाव, निरोप, धमकी, पैसे मागितलेला नंबर या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा भाग आहे आणि त्यात नाव न सांगताही तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील तर 1930 ला ताबडतोब फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी थोपवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मुलांसाठी 1098 आहे. टोकावड्यात पोलीस ठाणं आहे, तिथे जायला लाजू नका. मुलाचं अठराच्या आतलं उघडं चित्र कुणाकडे असेल तर takeitdown.ncmec.org ही मोफत सोय आहे. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही. मोबाइलमधल्या मोबाइलमध्येच त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढू शकतात.

मुलांचं झालं. आता घरच्या मोबाइलकडे वळू, कारण तिथे फसतो ते आपण मोठे. जवळच्या धसईला डिसेंबर 2016 मध्ये राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर केलं होतं, दुकानांत कार्डाची यंत्रं आली होती. तेव्हा नवल वाटलं. आज भाजीवालीकडेही क्यूआर आहे. पैसा मोबाइलमध्ये आला, तशी पैशाच्या मागावरची माणसंही मोबाइलमध्ये आली.

व्हॉट्सॲपवर इन्स्टाग्रामसारखा वेगळा कोपरा नाही. अनोळखी नंबराचा निरोप आपल्या नेहमीच्या यादीतच येऊन बसतो, फक्त उघडल्यावर ब्लॉक आणि रिपोर्टचे पर्याय दिसतात. त्यामुळे इथे छाननी आपल्यालाच करावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरावरून लग्नाचं आमंत्रण आलं. 30 ऑगस्टला लग्न आहे, जरूर या, आणि खाली पत्रिका. पत्रिका समजून त्याने ती दाबली. ती पत्रिका नव्हतीच, ती होती `.apk` फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचं ॲप. त्याच्या खात्यातून जवळपास एक लाख नव्वद हजार रुपये गेले.

आपल्याकडे लग्नसराईत पत्रिका अशाच येतात. मुलीच्या सासरचे, सोयऱ्यांचे सोयरे, सगळ्यांचे नंबर कुठे आपल्याकडे असतात? म्हणून अनोळखी नंबर बघून पत्रिका टाकून द्या असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. तुम्ही फक्त फाइलचं शेपूट बघा. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, नाहीतर व्हिडिओ असते. नावाच्या शेवटी `.apk` असलं तर ती पत्रिका नाही, गाडीच्या दंडाची पावती नाही, पीएम किसानची यादीही नाही. ती दाबल्यावर मोबाइल एकदा अडवतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवायची परवानगी मागतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दोन्हींना "हो" म्हटलं की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्याला दिसतो. म्हणूनच "मी ओटीपी कोणाला सांगितलाच नाही" म्हणणाऱ्यांचेही पैसे जातात. चुकून बसवलंच तर आधी मोबाइलचं नेट बंद करा आणि दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला आणि 1930 ला फोन लावा. ॲप काढणं, मोबाइल पुसून घेणं हे त्यानंतर.

एसएमएसचं थोडक्यात. सरकार, बँका, कंपन्या यांचे एसएमएस दहा आकडी नंबरावरून येत नाहीत, अक्षरी नावावरून येतात. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर लागू लागलं आहे: सरकारी निरोपाला `G`, जाहिरातीला `P`, व्यवहाराला `T`, सेवेला `S`. बँकेच्या नावाने दहा आकडी नंबरावरून "खातं बंद होणार" असा निरोप आला तर वाचून डोकं खराब करून घेऊ नका. पण अक्षर बरोबर आहे म्हणून आतली लिंकही बरोबर असेलच असं धरू नका. लिंक स्वतंत्रपणे बघायची. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बायकांची धावपळ तुम्हाला आठवत असेल. खरा पत्ता ladakibahin.maharashtra.gov.in हा. त्याच वेळी तशाच दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटही निघाल्या. पत्त्यात 'ladaki' किंवा 'gov' कुठेतरी मध्ये असून भागत नाही. `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट टिंबासकट `.gov.in` असाच हवा. त्यापुढे आणखी काही जोडलेलं असेल, किंवा gov ला आडवी रेघ मारून दुसरंच काही चिकटवलं असेल, तर ते सरकारचं नाही. त्याहून सोपं म्हणजे लिंक दाबूच नये, आणि पत्ता स्वतः टाइप करावा किंवा अंगणवाडी ताईंना विचारावं.

इतका वेळ मी सोडून द्या, दाबू नका, पडू द्या असं म्हणत आले. आता उलटं सांगायचं आहे. जे निरोप घ्यायलाच हवेत ते आपल्याकडे सोडले जातात, आणि त्याचं नुकसान पैशाच्या फसवणुकीइतकंच होतं. फक्त त्याची बातमी होत नाही.

दहावीनंतर काय होतं बघा. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, सीईटीचा ऑनलाइन, वसतिगृहाचाही. अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. आपण मुरबाडला किंवा सरळगावला सेंटरवर जातो. सेंटरवाल्या दादाकडे गर्दी असते, तो पटकन एक ईमेल काढून देतो, पासवर्ड स्वतःच टाकतो, नाहीतर स्वतःचाच ईमेल घालतो. मुलगा पावती घेऊन घरी येतो. पुढे कागदपत्रात त्रुटी आहे, अमक्या तारखेच्या आत दुरुस्त करा, असा मेल येतो. तो कोण वाचणार? मुलाला त्या ईमेलचं नावही आठवत नाही. आणि ईमेल स्वतःचा असला तरी मेल स्पॅममध्ये पडलेला असू शकतो. एकाच वेळी हजारो मुलांना जाणारा, लिंक असलेला, ज्याच्याशी आधी कधी पत्रव्यवहार नाही असा मेल गाळणाऱ्या यंत्राला संशयास्पद वाटू शकतो. जीमेल स्पॅममधला मेल तीस दिवस ठेवतं आणि मग आपोआप काढून टाकतं. तीस दिवसांनी तो शोधायला गेलात तर तिथे काहीच नसतं.

म्हणून अर्ज भरलेला असेल त्या काळात आठवड्यातून दोनदा स्पॅमची यादी बघावी. सगळं उघडायची गरज नाही. पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय वाचला तरी पुरतं. आपण अर्ज केलेल्या संस्थेचं नाव दिसलं तर 'स्पॅम नाही' हे बटण दाबा, मेल मुख्य यादीत येतो. पण आतली लिंक दाबून लॉगिन मात्र करू नका. मेल हा फक्त सूचना समजा. ज्या वेबसाइटवर अर्ज भरला होता तिचा पत्ता पावतीवर असतो, तो स्वतः टाइप करून आत जा. त्रुटी खरी असेल तर ती तिथेही दिसेल. दिसली नाही तर मेल खोटा होता. शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, पाचशे रुपये भरा म्हणणाऱ्या मेलचा आणि खऱ्या मेलचा फरक इथेच कळतो, कारण खोट्याला आपण ज्या वाटेने गेलो होतो त्या वाटेवर काही दाखवता येत नाही.

ज्यांच्याकडे गावात रेंजच धड नाही, मोबाइल एक आणि तोही वडिलांबरोबर मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, त्यांना हे सगळं जमणार नाही, मला माहीत आहे. त्यांनी एवढं करावं: अर्जात शाळेतल्या सरांच्या किंवा बाईंच्या सल्ल्याने चालू असलेला एकच नंबर द्यावा, आणि त्या काळात रिचार्ज संपू देऊ नये.

पालकहो, या रविवारी दुपारी जेवणं झाली की तीन गोष्टी करा. मुलाच्या शेजारी बसून त्याची रिक्वेस्टची यादी त्याच्याच हाताने उघडायला लावा, आणि प्रत्येक नावापुढे "याची खात्री कोणाकडून करायची?" एवढंच विचारा. मुलाचा ईमेल आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून घ्या, सेंटरवाल्याकडे असेल तर जाऊन बदलून आणा. आणि वर्गशिक्षकांचा नंबर शाळेतून समक्ष घेऊन सेव्ह करा, म्हणजे उद्या "मी तुमच्या मुलाचा शिक्षक बोलतोय, हा माझा नवीन नंबर" असा निरोप आला तर विचारायला जुना नंबर हाताशी असेल. ज्यांना मोबाइल चालवता येत नाही त्यांनी सोमवारी शाळा सुटल्यावर मोबाइल घेऊन या, आपण मिळून करू.